पैसे कधी येतील, ती तारीख सांगा

शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४. विट्याच्या बाजारपेठेतल्या एका एटीएममध्ये एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टर काकांनी दिवाळीच्या खरेदीसाठी दहा हजार रुपये काढायला कार्ड घातलं. यंत्रात नोटा मोजल्याचा आवाज झाला, मग तो थांबला. झडप उघडली नाही. पडद्यावर व्यवहार पूर्ण होऊ शकत नसल्याची ओळ आली आणि त्याच वेळी खिशातला मोबाइल वाजला: खात्यातून दहा हजार वजा. कार्ड एका बँकेचं होतं आणि यंत्र दुसऱ्या बँकेचं. पुढचे चार आठवडे या पैशांसाठी काकांचा बँकेच्या हेल्पलाइनशी जो व्यवहार झाला, तो तपासण्यासाठी हा लेख लिहिला आहे. बँकेचं नाव इथे देत नाही. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्या म्हणण्यानुसार तिची पद्धत इतर बँकांहून फारशी वेगळी नाही.

हा अनुभव इतक्या बारकाईने तपासता आला तो काकांच्या सवयीमुळे. तीस वर्षं त्यांनी प्रत्येक फेरीचं वे-बिल भरलं होतं. फोन किती वाजता लावला, कोण काय बोललं, तक्रार क्रमांक कोणता, हे सगळं त्यांच्या वहीत तारखेनिशी आहे. ती वही समोर ठेवून मी एका कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या मुलीशी आणि एका बँकेत एटीएमचा ताळमेळ पाहणाऱ्या अधिकाऱ्याशी बोललो. दोघांनी नाव न छापण्याची अट घातली.

आधी यंत्रात काय झालं ते पाहू. आपण रक्कम टाकली की यंत्र ज्या बँकेचं आहे तिच्याकडून निरोप निघतो. तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नॅशनल फायनान्शियल स्विच या जाळ्यातून आपल्या बँकेकडे पोहोचतो. आपली बँक शिल्लक पाहते, रक्कम वजा करते आणि मंजुरी परत पाठवते. नोटा त्यानंतर मोजल्या जातात. त्या अडकल्या तर यंत्र त्यांना आतल्या नाकारलेल्या नोटांच्या पेटीत ढकलतं आणि ‘पैसे दिले गेले नाहीत, वजावट मागे घ्या’ असा उलटा निरोप पाठवतं. तो पोहोचला तर काही क्षणांत रक्कम परत जमा होते आणि ग्राहकाला फोन करण्याची गरजच पडत नाही. लाइन तुटली किंवा निरोप वेळेत पोहोचला नाही, की एका बँकेच्या खात्यातून पैसे गेलेले दिसतात आणि दुसऱ्या बँकेच्या यंत्रात दहा हजार जास्त निघतात. ही तफावत दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवतानाच सापडते.

म्हणजे अशा वेळी पैसे हरवलेले नसतात. ते एका पेटीत पडून असतात आणि ते कुणाचे आहेत हे कागदावर ठरायचं असतं. हेल्पलाइनचं काम एवढंच की ग्राहकाची तक्रार योग्य टेबलापर्यंत न्यायची आणि पैसे कोणत्या तारखेला येणार हे त्याला सांगायचं.

काकांनी पहिला फोन त्याच संध्याकाळी लावला, तोही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. हे त्यांनी बरोबर केलं. यंत्र कुणाचंही असलं तरी तक्रार करायची ती आपलं कार्ड ज्या बँकेचं आहे तिच्याकडे. वहीप्रमाणे भाषा निवडणं, कार्डाचे आकडे टाकणं, पर्याय ऐकणं यात चार मिनिटं गेली. ‘पैसे वजा झाले पण मिळाले नाहीत’ असा पर्याय पहिल्या यादीत नव्हता. ‘इतर’ मध्ये जाऊन, तिथून परत ‘एटीएम’ मध्ये आल्यावर माणसाशी बोलण्याचा आकडा मिळाला. नंतर संगीत ऐकत चौदा मिनिटं.

ही चौदा मिनिटं का लागतात? डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एर्लांग नावाचा गणिती होता. १९१७ मध्ये त्याने या प्रश्नाचं गणित मांडलं आणि आजही जगभरातली कॉल सेंटरं माणसं किती बसवायची हे त्यावरूनच ठरवतात. समजा अर्ध्या तासात शंभर फोन येतात आणि प्रत्येकाला तीन मिनिटं लागतात. म्हणजे तीनशे मिनिटांचं काम. एक माणूस अर्ध्या तासात तीस मिनिटं बोलू शकतो, तेव्हा दहा माणसं पुरतील असं वाटतं. पण फोन ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी एकदम पाच येतात, कधी मिनिटभर एकही येत नाही, आणि रिकामं गेलेलं मिनिट मागून वापरता येत नाही. त्यामुळे दहा माणसांवर रांग वाढतच जाते. अकरा बसवली तर सरासरी दोन मिनिटं थांबावं लागतं. बारा बसवली तर चाळीस सेकंद. तेरा बसवली तर सतरा. एकेका माणसाने इतका फरक पडतो. उलट बाजूने पाहा: अकरा माणसं बसलेली असताना सणाच्या आठवड्यात फोन वीस टक्क्यांनी वाढले, तर ती रांग दिवसभर संपत नाही.

म्हणून ‘आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत’ हे वाक्य मला आता वेगळं ऐकू येतं. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी एटीएमवर झुंबड उडते हे बँकेला माहीत असतं. त्या संध्याकाळी किती माणसं बसवायची हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. तरीही थांबण्याचा वेळ, उत्तराची स्पष्टता आणि पाठपुरावा या तिन्ही गोष्टींत मी थांबण्याला सर्वांत कमी दोष देतो. काका म्हणाले, “चौदा मिनिटांचं काय घेऊन बसलात? स्टँडवर गाडीची वाट बघण्यात जन्म गेला. फोन उचलल्यावर काय सांगितलं ते विचारा.”

सांगितलं ते असं: “सर, काळजी करू नका, सात कामाच्या दिवसांत पैसे जमा होतील.” मुलगी नम्र होती, तिने तक्रार क्रमांकही दिला. पण उत्तर चुकीचं होतं.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला एक परिपत्रक काढलं आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. फसलेल्या व्यवहाराचे पैसे किती दिवसांत परत यायला हवेत हे त्यात व्यवहाराच्या प्रकारानुसार सांगितलं आहे. एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवस. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, सुट्ट्या त्यातून वगळलेल्या नाहीत. पुढे उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. ती ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता, तक्रार आलेली असो वा नसो, बँकेने स्वतःहून खात्यात जमा करायची. यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे अडकले तर मुदत आणखी कमी, एकच दिवस. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे अडकले तर पुन्हा पाच.

मग ‘सात कामाचे दिवस’ कुठून आले? ती २०११ ची मुदत आहे. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने एटीएमसाठीची बारा दिवसांची मुदत सात कामाच्या दिवसांवर आणली होती. नियम बदलून पाच वर्षं झाली, तरी समोरच्या पडद्यावरचं लिहून दिलेलं उत्तर बदललं नव्हतं. कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या मुलीला मी हे विचारलं. ती म्हणाली, “आम्ही नियम वाचत नाही, स्क्रिप्ट वाचतो. स्क्रिप्टमध्ये सात वर्किंग डेज असेल तर तेच सांगायचं. वेगळं सांगितलं आणि कॉल तपासणीत निघाला तर आमचे गुण जातात.”

या फरकाचा अर्थ काकांच्या बाबतीत काय होतो ते मोजून पाहा. २६ ऑक्टोबरनंतरचे पाच दिवस ३१ ऑक्टोबरला संपतात. त्या वर्षी त्या दिवशी नरक चतुर्दशी होती, पहिली अंघोळ. नियमाप्रमाणे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पैसे खात्यात असायला हवे होते. कामाचे सात दिवस मोजले, तर रविवार आणि दिवाळीच्या सुट्ट्या वगळून मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, भाऊबीजेच्याही पलीकडे जाते. ग्राहकाने विश्वासाने ते उत्तर मानलं, की त्याच्या हक्काचे दिवस त्याच्या नकळत संपतात. भरपाईचं मीटर सुरू झालं आहे हेसुद्धा त्याला कळत नाही.

सोमवारी काकांच्या नातीने बँकेच्या ॲपमधल्या चॅटवर विचारून पाहिलं. तिथे रांग नव्हती, उत्तर क्षणात आलं. फक्त ते ठरावीक उत्तरांतलंच एक होतं: खात्याचा तपशील कसा पाहावा. तक्रार क्रमांक टाकल्यावर ‘प्रक्रियेत आहे’ एवढंच आलं. ‘कोणत्या तारखेपर्यंत?’ या प्रश्नाला पुन्हा तीच पर्यायांची यादी. ती आजोबांना हाक मारायला उठली, तेवढ्यात काही हालचाल नाही म्हणून संवाद बंद झाला आणि वरचा मजकूरही गेला. चॅटचा एक मोठा फायदा म्हणजे सगळं लिखित असतं. पण ते लिखित ग्राहकाच्या हाती राहत नसेल तर त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. तारीख-वेळ दिसेल असे फोटो दर दोन-तीन ओळींनंतर काढून ठेवणं हाच त्यावर उपाय.

बुधवारी, ३० ऑक्टोबरला संदेश आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. खाली एक ते पाच तारे देण्याची विनंती. खात्यात पैसे आलेले नव्हते.

पाठपुराव्याचं खरं दुखणं या संदेशात आहे. कॉल सेंटरवाल्या मुलीने मला जे सांगितलं ते असं: तक्रार नोंदली की तिचं टिकेट तयार होतं आणि त्याला मुदत असते. ते टिकेट ज्या विभागाच्या नावावर आहे, त्याने आपलं काम करून पुढे पाठवलं की त्याच्यापुरतं ते ‘निकाली’ निघतं. इथे कार्डाच्या बँकेने यंत्राच्या बँकेकडे दावा पाठवला आणि टिकेट बंद केलं. विभागाचं काम वेळेत झालं, त्यांचा आकडा चांगला दिसला. ग्राहकाचं काम मात्र सुरूही झालेलं नव्हतं. “आम्हाला स्क्रीनवर फक्त ‘डिस्प्यूट रेज्ड’ दिसतं,” ती म्हणाली, “त्यापुढे काय झालं ते बॅक ऑफिसला माहीत. कस्टमर पुन्हा फोन करतो, आम्ही पुन्हा तेच वाचतो. तो चिडतो आणि एक तारा देतो. तो तारा बँकेला लागत नाही, मला लागतो. माझा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह जातो.”

हे ऐकल्यावर मी ताऱ्यांच्या प्रश्नावलीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ‘आमच्या प्रतिनिधीशी झालेल्या संवादाबद्दल आपण किती समाधानी आहात?’ असा तो प्रश्न असतो. ‘आपले पैसे आले का?’ असा नसतो. वाचकांना माझं सांगणं आहे की बोलणारी व्यक्ती नीट बोलली असेल तर तिला चांगले तारे द्या आणि काम न झाल्याचा राग लेखी तक्रारीत काढा. तीन मिनिटांत फोन संपवायचं बंधन असलेल्या त्या मुलीच्या हातात तुमच्या दहा हजारांचा निर्णय नाही.

आणि इथेच थांबण्याचा वेळ, उत्तराची स्पष्टता आणि पाठपुरावा या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात. काकांनी त्या दोन आठवड्यांत पाच फोन केले. पहिल्याच फोनवर ‘३१ तारखेपर्यंत पैसे येतील, नाही आले तर दिवसाला शंभर रुपये मिळतील’ असं सांगितलं असतं आणि ३१ ला एक खरा संदेश पाठवला असता, तर त्यातले निदान तीन फोन झालेच नसते. संदिग्ध उत्तर मिळालेला प्रत्येक ग्राहक पुन्हा रांगेत येतो. एर्लांगच्या हिशोबात शंभरांचे एकशेवीस फोन होतात ते काही अंशी अशाच परतलेल्यांमुळे. रांग कमी करायचा सर्वांत स्वस्त मार्ग जास्त माणसं बसवणं हा नाही, पहिलं उत्तर पूर्ण देणं हा आहे.

या रेंगाळण्याचा आणखी एक धोका आहे आणि तो दहा हजारांपेक्षा मोठा आहे. पैसे अडकलेला माणूस फोनची वाट पाहत असतो. त्या काळात ‘तुमच्या तक्रारीबद्दल बोलतोय’ म्हणत कुणीही फोन केला तर तो विश्वास ठेवतो. काकांना १ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, असा फोन आला. पैसे परत करण्यासाठी एक ॲप उतरवून घ्या, असं पलीकडचा माणूस सांगत होता. असं ॲप मोबाइलचा पडदा समोरच्याला दाखवतं, मग ओटीपीसुद्धा त्याला दिसतो. काकांनी फोन नातीकडे दिला आणि तिने तो कापला. इंटरनेटवर शोधून मिळालेले ‘कस्टमर केअर’ नंबर आणि समाजमाध्यमावर तक्रार टाकल्यावर मदतीला धावून येणारी खाती, यांचा धंदा या वाट पाहण्यावरच चालतो. परताव्यासाठी बँकेला तुमचा पिन, ओटीपी किंवा कुठलंही ॲप लागत नाही. पैसे ज्या खात्यातून गेले त्यातच परत येतात. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच कळवायचं. रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

सोमवारी, ४ नोव्हेंबरला काका शाखेत गेले आणि त्यांनी अर्ज दिला. तो अर्ज मी पाहिला. एका पानाचा आहे आणि त्यात विनवणी नाही. व्यवहाराची तारीख आणि वेळ, रक्कम, यंत्रावर चिकटवलेला एटीएमचा क्रमांक, व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक आणि ३० तारखेच्या ‘निकाली’ संदेशाची प्रत. पुढे दोन मागण्या: २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे रक्कम आणि १ नोव्हेंबरपासून दिवसाला शंभर रुपये; आणि दावा फेटाळायचा असेल तर यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक जर्नलची नोंद आणि त्या दिवसाच्या रोख ताळमेळाचा दाखला. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का.

ही दुसरी मागणी महत्त्वाची का, ते ताळमेळ पाहणाऱ्या अधिकाऱ्याने समजावलं. यंत्राची बँक कधी कधी ‘व्यवहार यशस्वी’ असं उत्तर पाठवते, कारण स्विचच्या नोंदीत मंजुरी दिसते. पण मंजुरी नोटा मोजण्याच्या आधीची असते. नोटा खरोखर बाहेर गेल्या का हे यंत्राच्या आतल्या जर्नलमध्ये असतं आणि त्याहून पक्कं उत्तर रोख भरणाऱ्या एजन्सीच्या मोजणीत असतं. “पेटीत दहा हजार जास्त निघाले असतील तर वाद संपला,” ते म्हणाले. “पण ते कागद कुणी मागितल्याशिवाय बघायला वेळ नसतो. एका माणसाकडे शेकडो दावे असतात.” जर्नल आणि मोजणी जुळत नसेल, किंवा दोन्हींत नोटा गेल्याचं दिसत असेल, तर सीसीटीव्ही मागवावा लागतो आणि तिथे वेळ खरंच लागतो. असं प्रकरण पाच दिवसांत सुटत नाही, हेही मान्य करायला हवं. काकांच्या प्रकरणात मात्र जादा रोख पहिल्या मोजणीपासून नोंदलेली होती.

८ नोव्हेंबरला दहा हजार जमा झाले. भरपाई आली नाही. १ ते ८ नोव्हेंबर म्हणजे आठ दिवस, आठशे रुपये. काकांनी हेल्पलाइनला विचारलं, तेव्हा असा काही नियम असल्याचं त्या टोकाला माहीत नव्हतं. त्यांनी शाखेत दुसरं पत्र दिलं आणि २१ नोव्हेंबरला आठशे रुपये आले. स्वतःहून द्यायची रक्कम दोनदा लेखी मागितल्यावर मिळाली. बँकेविरुद्धची माझी सर्वांत गंभीर नोंद हीच आहे, कारण इथे दोन बँकांचा वाद नव्हता, यंत्राचा बिघाड नव्हता. कोणत्या दिवशी पैसे गेले आणि कोणत्या दिवशी आले हे दोन्ही बँकेच्याच संगणकात होतं.

ते आठशेही आले नसते तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. तिच्या एकात्मिक लोकपाल योजनेत आधी बँकेकडे तक्रार करावी लागते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेलं उत्तर न पटल्यास cms.rbi.org.in वर विनाशुल्क दाद मागता येते. वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बँकेकडची तक्रार लेखी हवी, किंवा केल्याचा पुरावा तरी हवा. त्यामुळे फोनवरचा तक्रार क्रमांक आणि आलेले संदेश पुसून टाकू नयेत. ‘निकाली’ निघाल्याचा संदेश तर मुळीच नाही, कारण बँकेने आपलं म्हणणं कोणत्या दिवशी संपवलं याची तीच नोंद असते.

या हेल्पलाइनला मी काय निकाल देईन? थांबण्याच्या वेळेत ती सणाच्या मानाने काठावर पास. उत्तराच्या स्पष्टतेत नापास, कारण चूक बोलणाऱ्या मुलीची नव्हती, पाच वर्षं न बदललेल्या मजकुराची होती. पाठपुराव्यात नापास, आणि तिथे सवलत द्यायला मला जागा दिसत नाही.

बँकांच्या ग्राहक सेवा विभागांत हा अंक जात असेल तर तिथल्या अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. तक्रार नोंदवल्यावर जो पहिला संदेश जातो त्यात तक्रार क्रमांकाशेजारी तीन गोष्टी घाला: पैसे परत येण्याची शेवटची तारीख, त्यानंतर दिवसाला मिळणारे शंभर रुपये, आणि आत्ता फाइल कोणत्या बँकेकडे आहे. आणि रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ‘निकाली’ हा शब्द ग्राहकाला पाठवू नका. वाचकांनो, गेल्या वर्षभरात तुमचे एटीएमचे किंवा यूपीआयचे पैसे अडकून उशिरा परत आले असतील, तर आज पासबुक काढा, दोन तारखांमधले दिवस मोजा आणि भरपाई जमा झाली आहे का ते पाहा. नसेल तर शाखेत लेखी मागा आणि पोच घ्या.